धावताना घड्याळ आपोआप टॅप होतं, आणि मी दाबलं की ढिम्म हलत नाही

धावती_डोंबिवली | मंगळवार, सकाळी ८:१२

मंडळी, डोकं फिरायची वेळ आली आहे म्हणून धागा काढतेय.

माझ्याकडे वेअर ओएसचं गोल घड्याळ आहे. उजव्या बाजूला दोन बटणं, वापरून दीड वर्ष झालं. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी चालू आहे. रविवारी १२ किमी धावले आणि घरी येऊन बघते तर नोंद ७.४ ची. घड्याळाने मध्येच आपल्या मनाने पॉज दाबलेलं. त्याच्या आदल्या आठवड्यात तर सकाळी पावणेसहाला सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लागला. ते झोपेतच "पाणी आलं नाही का?" म्हणून विचारतायत आणि मी रस्त्यावर धापा टाकत "नाही, नाही, सॉरी काका" करतेय.

दुसरी तऱ्हा अशी की पॉज झालेलं दिसलं म्हणून मी रिझ्यूम दाबते, तर काही होत नाही. टी-शर्टला पुसते, परत दाबते, तरी नाही. मिनिटभराने आपोआप सुरळीत. ऑफिसात एसीत बसले की शहाण्यासारखं चालतं. दुरुस्ती केंद्रात दाखवलं तर त्यांनी रीसेट करून परत दिलं. फरक शून्य.

पडदा बदलायचा की घड्याळच?

---

बंडूकाका_सातारा | सकाळी ९:०५

आत पाणी शिरलंय. दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवा. आमच्या चिरंजीवांचा मोबाइल असाच बरा झाला होता.

---

निवांत_नितीन | सकाळी ९:४०

घड्याळ ५ एटीएम आहे का? माझं आहे, ५० मीटर पाण्यात चालतं. तुमचं साधं आयपी ६८ असेल तर असंच होणार. जास्त रेटिंगवालं घ्या, प्रश्न मिटला.

---

काचकाम | सकाळी ११:२६

मी काही वर्षं टच पॅनेलच्या चाचणीवर काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काका, तांदूळ भातालाच ठेवा. पाणी आत गेलं असतं तर काचेखाली वाफ धरलेली दिसली असती आणि घड्याळ ऑफिसात कोरडं असतानाही वेड्यासारखं वागलं असतं. ताईंचं कोरडं झालं की ठीक होतंय, म्हणजे भानगड काचेच्या वर आहे.

नितीन, ते रेटिंग पाणी आत शिरू नये यासाठी असतं. पाण्यात टच चालेल असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. आणि ५० मीटर हा प्रयोगशाळेतला स्थिर पाण्याचा दाब आहे, तेवढं खोल बुडी मारायची परवानगी नव्हे.

आता मूळ कारण. काचेखाली पारदर्शक तारांची आडवी-उभी जाळी असते. बोट जवळ आलं की ते जाळीतला थोडा विद्युतभार स्वतःकडे ओढतं, आणि चिप तो फरक सेकंदाला कित्येकदा मोजत असते. जोर, ऊब वगैरेशी तिला देणंघेणं नाही. पाण्याचा एकटा थेंब काचेवर बसला असेल तर बऱ्या चिपला तो ओळखू येतो, कारण त्याने होणारा फरक बोटासारखा नसतो. गडबड होते ती थेंब पसरून घड्याळाच्या धातूच्या कडेला किंवा मनगटाच्या कातडीला टेकला की. आता तो थेंब तुमच्या शरीराशी जोडला गेला. चिपच्या दृष्टीने ते बोटच. आणि घामात मीठ असतं, त्यामुळे हा पूल साध्या पाण्यापेक्षा पक्का बनतो.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. घड्याळ काढून लाकडी टेबलावर ठेवा, चमच्याने मधोमध एक थेंब सोडा. बहुधा काही होणार नाही. मग त्याच थेंबाच्या काठाला बोट लावा, थेंब जिथवर पसरलाय तिथे कुठेही टॅप लागू शकतो. तिसऱ्यांदा चिमूटभर मीठ घातलेलं पाणी घ्या आणि थेंब कडेपर्यंत ओढून धातूची कड हाताने धरा.

---

मालवणी_मासा | दुपारी १२:५०

काचकाम बोलतत ता बरोबर. मी तारकर्लीक रोज समुद्रात पोवतंय. समुद्राच्या पाण्यात टच चालतच नाय, लॉक केल्याशिवाय मी उतरणयच नाय. पण खरी गंमत घरी येल्यावर. घड्याळ सुकला, दिसाक स्वच्छ, आणि दोन तासांनी जरा घाम येलो की पडदो नाचूक लागता. काचेच्या कडेक मीठ सुकान बसलेला असता, घाम लागलो की ता परत जागा होता. आता बाहेर येल्यार पयला काम म्हणजे नळाखाली अर्धो मिनिट धरूचा, कडेच्या खाचेत बोट फिरवूचा आणि सुती फडक्यान टिपूचा. तेव्हापासून नाचणा बंद.

---

काचकाम | दुपारी १:१५

मासा यांचं लाखमोलाचं. फक्त साबण लावू नका. काचेवर तेल-पाणी झटकणारा एक पातळ लेप असतो, साबणाने आणि घासण्याने तो झिजतो. लेप शाबूत असेल तर पाणी अळवाच्या पानावरच्यासारखं गोळ्या होऊन घरंगळतं. झिजला की तेच पाणी पातळ पडद्यासारखं पसरतं, कडेपर्यंत पोचतं आणि पूल तयार. दीड वर्ष वापरलेल्या घड्याळात हा त्रास वाढण्याचं हे मोठं कारण आहे.

---

धावती_डोंबिवली | रात्री ९:३८

केला प्रयोग! नवरा म्हणाला, स्वयंपाकघरात प्रयोगशाळा उघडली काय.

साधा थेंब मधोमध: काही नाही. थेंबाला बोट: टॅप लागला, तोही बोटापासून चांगला सेंटिमीटरभर लांब. मिठाचं पाणी कडेपर्यंत आणि कड हातात: घड्याळाने स्वतःच वॉच फेस बदलायची यादी उघडली आणि त्यात सरकायलाही लागलं. अंगावर काटा आला हो. भुताटकी म्हणतात ती हीच.

पण मग दाबल्यावर लागत का नाही? पुसल्यावरही? ते उलटं कोडं आहे.

---

काचकाम | रात्री १०:२०

उलटं नाही, त्याच नाण्याची दुसरी बाजू. चिपने 'रिकामी काच कशी असते' याची एक नोंद करून ठेवलेली असते आणि प्रत्येक मोजणी ती त्या नोंदीशी ताडून बघते. ऊन, थंडी यांनी आकडे बदलतात म्हणून ही नोंद ती अधूनमधून नव्याने घेते. काच ओली असताना नवी नोंद घेतली गेली, तर तिच्या लेखी 'ओली' म्हणजेच 'रिकामी'. मग तुम्ही पुसलंत की तो भाग रिकाम्याहूनही रिकामा दिसायला लागतो आणि तिथे ठेवलेलं खरं बोट त्या खड्ड्यात बुडून जातं. मिनिटभराने ती नोंद सुधारते, तुम्ही म्हणता आपोआप बरं झालं.

उपाय असा. पुसा, मग बटणाने पडदा बंद करा, पाच सेकंद काचेला हात लावू नका, बटणानेच चालू करा. बहुतेक घड्याळं पडदा जागा होताना नवी नोंद घेतात. आणि बोटही पुसा. आपण काच लख्ख करतो आणि घामेजल्या बोटाने दाबतो.

धावण्याच्या टी-शर्टला पुसण्यात अर्थ नाही, तो पॉलिएस्टरचा आणि आधीच भिजलेला असतो. घाम फक्त सारवला जातो. सुती रुमाल ठेवा.

---

न्यूजर्सीकर | बुधवार, पहाटे ४:५५

इकडे थंडीत हातमोजे घालून धावतो, तेव्हा सेटिंगमध्ये `Touch sensitivity` चालू करतो. एकदम मस्त लागतं. ताई, टॅप लागत नसतील तर ते चालू करून पाहा.

---

धावती_डोंबिवली | सकाळी ७:०२

@न्यूजर्सीकर अहो, ते तर मी महिन्यापूर्वीच चालू केलंय. तुमच्यासारखाच विचार करून! टॅप लागत नाहीत, तर संवेदनशीलता वाढवू.

थांबा. सेक्रेटरी काकांना फोन त्यानंतरच लागला.

---

काचकाम | सकाळी ७:३०

आगीतून फुफाट्यात. ते मोज्यांसाठी आहे: जाड कापडाआडून बोटाचा क्षीण मागमूस लागला तरी टॅप धरा, असं ते चिपला सांगतं. आता घामाचा थेंबही त्या क्षीण हिशोबात बसतो. आज बंद करा. न्यूजर्सीकर, तुमच्या कोरड्या थंडीत ते बरोबरच आहे, डोंबिवलीच्या दमट हवेत नाही.

---

शिल्पा_ठाणे | सकाळी १०:१०

माझ्या घड्याळालाही हाच त्रास आहे, पण चार्जिंगला लावलं की होतो. पडदा आपोआप सरकतो. घाम नाही, पाणी नाही. वरचे सगळे उपाय करून पाहिले, काही फरक नाही.

---

काचकाम | सकाळी १०:४४

शिल्पाताई, तुमचं दुखणं वेगळं. हलक्या अ‍ॅडॉप्टरमधून विजेची खरखर येते आणि ती मोजणीत मिसळते. घड्याळाचा चार्जर लॅपटॉपच्या यूएसबीला, लॅपटॉप बॅटरीवर ठेवून लावून बघा. त्रास थांबला तर अ‍ॅडॉप्टर बदला.

---

आळशी_आयटीवाला | दुपारी ३:१८

अंदाज किती बांधणार, टॅप नेमके कुठे पडतायत ते बघा की. वेअर ओएस आहे ना? `Settings` मध्ये घड्याळाच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर (काही घड्याळांत सॉफ्टवेअर व्हर्जनवर) सात वेळा टिचकी मारा, `Developer options` उघडतील. त्यात `Pointer location` चालू करा. प्रत्येक स्पर्शाची रेघ पडद्यावर उमटते. सापडलं नाही तर संगणकावरून घड्याळाला आज्ञा देणारं एडीबी वायफायवरून जोडा आणि

```
adb shell settings put system pointer_location 1
```

बंद करायला शेवटी `0`. रेघ पुढच्या स्पर्शाला पुसली जाते, म्हणून कुणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. पडदा सतत चालू ठेवायला विसरू नका, आणि काम झालं की एडीबी बंद करा.

---

धावती_डोंबिवली | शुक्रवार, सकाळी ८:४७

केलं. मोज्यांचं सेटिंग बंद करून, ट्रेडमिलवर पंचवीस मिनिटं, पंखा बंद. लेकाने व्हिडिओ काढला, मोबदल्यात एक वडापाव.

पहिली पंधरा मिनिटं एकही रेघ नाही. सतराव्या मिनिटाला सुरुवात झाली आणि पुढच्या आठ मिनिटांत लेकाने अकरा मोजल्या. अकरापैकी नऊ बाराच्या आकड्याजवळच्या कडेला! माझ्या धावण्याच्या अ‍ॅपमध्ये पॉजचं बटण तिथेच, वर आहे. आता कळलं पॉज कोण दाबतं ते. पण घाम वर कसा जातो? तो खाली, सहाजवळ साचायला हवा ना?

---

काचकाम | सकाळी ९:३५

वा, याला म्हणतात तपास. घड्याळ डाव्या हातात ना? धावण्याच्या पवित्र्यात उभ्या राहा: कोपर वाकवलेलं, अंगठा वर, करंगळी खाली. आता घड्याळाकडे बघा. सहाची बाजू अंगठ्याकडे म्हणजे वर गेली, बाराची बाजू जमिनीकडे आली. घाम गुरुत्वाकर्षणाला धरूनच वाहतोय, घड्याळच उलटं झालंय. वेळ बघायला हात आडवा केला की ती साचलेली धार कडेवरून आत काचेवर येते.

---

धावती_डोंबिवली | सकाळी ९:४१

आत्ता ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये धावायचा पवित्रा घेऊन उभी राहिले. खरंय! (दोन जणांनी विचारलं, बरं आहे ना.)

मग करू काय? घाम तर थांबवता येणार नाही.

---

काचकाम | सकाळी ११:०८

माझ्या मते एकच पक्का उपाय: व्यायाम सुरू केला की टच बंद, सगळा कारभार बटणांवर. घाम पुसत बसणं म्हणजे गळक्या छपराखाली फरशी पुसणं. ओल्या काचेवर घामाचा पूल आणि बोट यांतला फरक चांगल्या चिपलाही पुरता कळत नाही, आणि काच सबंध पाण्याखाली असेल तर मुळीच नाही. म्हणून पोहण्यासाठी कंपन्या स्वतःच टच बंद करतात.

तुमच्या घड्याळात वरून खाली ओढल्यावर जी चित्रं येतात, त्यात थेंबाचं चित्र शोधा. वॉटर लॉक किंवा टच लॉक असं नाव असतं. धाव सुरू करा, मग ते दाबा. उघडायला बटण काही क्षण दाबून धरायचं. कुठलं बटण ते पडद्यावर येतं, घरी दोनदा सराव करा म्हणजे रस्त्यात गोंधळ होणार नाही. अ‍ॅपल वॉचमध्येही तसंच थेंबाचं चित्र, आणि उघडायला मुकुट, म्हणजे बाजूची गोल फिरती कळ, दाबून धरायचा. त्या वेळी जे आवाज येतात ते स्पीकरमधलं पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात, घाबरू नका. अ‍ॅपलवर मुकुट आणि बाजूचं बटण एकदम दाबलं की व्यायाम पॉज होतो आणि तसंच परत सुरू, काचेला हात लावायची गरज नाही. गार्मिनच्या पाच बटणांच्या घड्याळांत तर बटणांवरच सगळं भागतं.

तुमच्या अ‍ॅपमध्ये बटणाने पॉज देता येतं का, तेवढं बघा. येत नसेल तर अ‍ॅप बदला, घड्याळ नको.

---

निवांत_नितीन | सकाळी ११:३०

लॉक केलं तर धावताना फोन कसा घेणार? मग स्मार्टवॉच घ्यायचंच कशाला?

---

काचकाम | सकाळी ११:३६

खरंय, घेता येणार नाही. लॉक उघडायचं मगच घ्यायचा. यावर माझ्याकडे तोडगा नाही.

---

बंडूकाका_सातारा | दुपारी १२:२०

आमच्या वेळी बॅडमिंटनला मनगटावर टॉवेलचा पट्टा बांधायचे. तो घड्याळाच्या वर बांधला तर घाम खाली येणार नाही. तांदळाचं मी मागे घेतो.

---

काचकाम | दुपारी १२:४१

काका, हे एकदम बरोबर. घड्याळ आणि कोपर यांच्या मध्ये, दोन बोटं अंतर ठेवून. हातावरून ओघळणारा घाम तो शोषतो. घड्याळाखालच्या कातडीला सुटणारा घाम मात्र थांबत नाही, म्हणून त्रास उशिरा सुरू होईल इतकंच. आणि पट्टा घड्याळाला टेकू देऊ नका, भिजला की तोच पूल बनतो.

---

रविवारचा_रायडर | दुपारी २:०५

माझं घड्याळ गेल्या पावसाळ्यापासून खालच्या अर्ध्या भागात लागतच नाही. कोरडं असलं तरी. वर टेम्पर्ड ग्लास आहे. हे सगळं करून फायदा होईल का?

---

काचकाम | दुपारी २:३३

आधी ती काच काढा. कडेने चिकटलेल्या काचेखाली घाम वातीत तेल चढावं तसा ओढला जातो आणि वरून पुसून निघत नाही. काढून, पुसून, एक दिवस तसंच वापरा. तरीही खालचा भाग मेलेला असेल तर पडदा आणि चौकट यांच्यातल्या फटीत नखाची कड फिरवा. एका बाजूला पडदा उचलल्यासारखा लागला तर बॅटरी फुगलेली असू शकते. तसं असेल तर दाबून बसवू नका, चार्जिंगला लावू नका, तडक दुरुस्तीला द्या.

---

रविवारचा_रायडर | दुपारी ३:१०

काच काढली. खाली पिवळट रेघ होती, वास सांगत नाही. पडदा उचललेला वाटत नाही. तरी खालचा पाव भाग मेलेलाच आहे.

---

काचकाम | दुपारी ३:२२

अर्ध्याचा पाव झाला म्हणजे काही भाग त्या काचेमुळे होता. उरलेलं टच पॅनेलचं असावं, पण उघडल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही.

---

धावती_डोंबिवली | सोमवार, सकाळी ९:१५

अहवाल. काल १४ किमी. मोज्यांचं सेटिंग बंद, काकांचा टॉवेलपट्टा, सुरुवातीलाच टच लॉक. नोंद १४.१, एकही पॉज नाही, कुणालाही फोन नाही. अ‍ॅपमध्ये खालच्या बटणाला पॉज देता आला, सिग्नलला दोनदा वापरला.

एक फजिती झालीच. दहाव्या किलोमीटरला पाऊस आला, रेनकोट घातला. घरी येऊन लॉक उघडलं आणि ओली बाही पडद्यावर घासली तशी वेळेआधीच 'सेव्ह' ऐवजी 'डिस्कार्ड' दाबली जाणार होती. थोडक्यात वाचले.

---

न्यूजर्सीकर | संध्याकाळी ५:४०

ती बाही माझीही वैरीण. मी बाही घड्याळाच्या मागे कोपराकडे सरकवून, रबर लावून ठेवतो. आणि आधी सेव्ह, मग लॉक उघडणं असं जमतं का तुमच्या अ‍ॅपमध्ये? माझ्यात बटण दाबून धरलं की सेव्ह होतं.

---

धावती_डोंबिवली | संध्याकाळी ६:०२

बघते. बाय द वे, सेक्रेटरी काकांनी आज लिफ्टमध्ये विचारलं, "हल्ली फोन येत नाही तुमचा?"